परदेशात कार्ड वापरताना ‘रुपयांत भरणार का?’ असे विचारले तर

आमच्याकडून फॉरेक्स कार्ड घेऊन गेलेले ग्राहक परत आले की एक तक्रार हमखास घेऊन येतात. कार्डात युरो भरलेले होते, हॉटेलचे बिलही युरोतच होते, मग बिलापेक्षा जास्त युरो कसे वजा झाले? दर महिन्याला अशी चार-दोन स्टेटमेंट आम्ही ओळ न् ओळ तपासतो, आणि बहुतेक वेळा उत्तर एकच निघते: मशीनने विचारले तेव्हा ग्राहकाने रुपयांचे बटण दाबलेले असते.

कार्ड लावताच तिकडचे मशीन कार्ड क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून ते कोणत्या देशातील बँकेचे आहे हे ओळखते आणि पडद्यावर दोन रकमा दाखवते, एक स्थानिक चलनात आणि दुसरी रुपयांत, कधी कधी डॉलरमध्येही. या सोयीला ‘डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन’ म्हणतात. रुपयांतील आकडा ओळखीचा असल्याने मनाला बरा वाटतो. मात्र त्यामागचा दर तुमच्या बँकेचा नसतो आणि कार्ड नेटवर्कचाही नसतो. तो दुकानदाराच्या बाजूची बँक किंवा ही सेवा पुरवणारी कंपनी ठरवते, त्यात आपला नफा मिळवते आणि त्यातला वाटा बहुधा दुकानदारालाही मिळतो. काउंटरवरचा माणूस रुपयांचा आग्रह का धरतो, ते यावरून ध्यानात यावे.

आता आकड्यांत पाहू. हिशेब सोपा व्हावा म्हणून युरोचा बाजारदर १०० रुपये आणि मशीनचा दर १०६ रुपये धरू. बिल ४०० युरोंचे आहे. साध्या क्रेडिट कार्डावर युरो निवडले, तर ४०,००० रुपये आणि बँकेचे परकीय चलन शुल्क लागते. ते करासह ४ टक्के धरले तर एकूण ४१,६०० रुपये होतात. रुपये निवडले, तर ४२,४०० रुपये होतात, आणि व्यवहार परदेशात झाला म्हणून काही बँका त्यावरही वेगळे शुल्क लावतात.

फॉरेक्स कार्डावर मात्र हे नुकसान कितीतरी मोठे असते. युरो निवडले, तर कार्डातील ४०० युरो जातात आणि विषय संपतो. रुपये निवडले, तर आधी ४०० युरोंचे ४२,४०० रुपये होतात. पण कार्डात रुपये नसतातच, म्हणून त्या रुपयांचे पुन्हा युरो करावे लागतात. १०० च्या दराने ते ४२४ युरो झाले, त्यावर चलन बदलाचे ३.५ टक्के शुल्क धरले की जवळजवळ ४३९ युरो वजा होतात. मुळात जिथे चलन बदलण्याची गरजच नव्हती तिथे ते दोनदा बदलले गेले. कार्ड घेताना आम्ही दिलेला दर यात कुठेच येत नाही, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

म्हणून पैसे भरताना मशीन स्वतःच्या हातात घ्यावे, पडद्यावर `EUR` आणि `INR` अशी चलनांची अक्षरे वाचावीत आणि जिथे आहात तिथले चलन निवडावे. एटीएमवर हा प्रश्न अधिक फसवा असतो. तेथे `Decline conversion` किंवा `Continue without conversion` असे बटण येते आणि ते दाबल्यास व्यवहारच रद्द होईल, अशी भीती वाटते. तसे होत नाही. पैसे मिळतात, फक्त त्यांचे रूपांतर तुमच्या बँकेच्या किंवा कार्डाच्या पद्धतीने होते. एटीएमचे स्वतःचे शुल्क असल्यास ते दोन्ही प्रकारे लागतेच.

हॉटेलमध्ये आणखी एक जागा सांभाळावी. चेक-इनच्या वेळी सही केलेल्या कागदावर रुपयांत आकारणीची संमती असू शकते, आणि मग निघताना कोणी विचारतही नाही. तो कागद वाचूनच सही करावी.

ग्राहकाला विचारल्याशिवाय रुपये निवडण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांचेही नियम तसेच आहेत. पावतीवर दोन्ही रकमा आणि दर छापलेले असतात. ती काउंटर सोडण्यापूर्वी पाहावी, कारण त्याच वेळी सांगितल्यास व्यवहार रद्द करून स्थानिक चलनात पुन्हा करता येतो. न विचारता आकारणी झाली असेल, तर पावती जपून ठेवून कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवता येतो. बटण स्वतःच दाबलेले असेल, तर ते पैसे आम्ही किंवा बँक परत मिळवून देऊ शकत नाही. याच कारणाने आमच्या काउंटरवर अनेकदा कटू प्रसंग येतात.

क्वचित एखाद्या कार्डाचे परकीय चलन शुल्क इतके जास्त असते की मशीनचा दरही त्यापुढे बरा ठरतो. पण ते ठरवण्यासाठी आपल्या कार्डाचे शुल्क आधी ठाऊक हवे. प्रवासापूर्वी तुमचे कोणतेही कार्ड, आमच्याकडचे नसले तरी, त्याच्या शुल्कपत्रकासह घेऊन या. त्या देशाचे चलन भरलेले कार्ड स्वस्त पडेल की तुमचे आहे तेच पुरेल, याचा हिशेब आम्ही विनामूल्य मांडून देतो.