हॉप्स कधी टाकायचे: उकळीत की उकळीनंतर?

गेल्या काही वर्षांत गोव्यात छोट्या ब्रुअरीज उभ्या राहिल्या आणि संत्र्या-आंब्याच्या वासाची धूसर आयपीए बिअर शॅकपर्यंत पोचली. तो वास फळांचा नसतो. तो हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा असतो, आणि ते टाकायची वेळ पुढे ढकलल्यामुळे येतो.

युरोपात मध्ययुगापासून हॉप्स वर्टमध्ये, म्हणजे बिअर होण्याआधीच्या माल्टच्या गोड पाण्यात, उकळत आले, कडवटपणासाठी आणि बिअर लवकर आंबू नये म्हणून. हॉप्समधले अल्फा आम्ल जसेच्या तसे फारसे विरघळत नाही. उकळीत त्याचे रूप बदलते आणि मग ते कडू लागते. याला वेळ लागतो. सुवासाचे तेल मात्र तेवढ्यात वाफेबरोबर उडून जाते. 20 लिटर वर्टमध्ये 12 टक्के अल्फा आम्लाचे 20 ग्रॅम हॉप्स तासभर उकळले, तर लिटरमागे साधारण 28 मिलिग्रॅम कडू द्रव्य उतरते. तेच हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत टाकले तर जेमतेम 5 ते 6, पण वास बराच टिकतो.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून मुंबई-कोलकात्याकडे निघणाऱ्या पेल एल या फिकट बिअरच्या पिंपातच मूठभर कोरडे हॉप्स टाकत. हेच ड्राय हॉपिंग. तेव्हा मात्रा बेताची होती. अमेरिकेत 1972 मध्ये कॅस्केड हे वाण बाजारात आले, त्यानंतर तिथल्या छोट्या ब्रुअरीजनी वासालाच मुख्य मानले. 2010 नंतरच्या धूसर आयपीएमध्ये तर उकळीतले हॉप्स नावापुरते उरले, आणि फर्मेंटरमध्ये, म्हणजे बिअर आंबवायच्या टाकीत, लिटरमागे 10-15 ग्रॅम पडू लागले.

खरा वाद इथून सुरू होतो: हे हॉप्स फसफस चालू असताना टाकायचे, की ती संपल्यावर, बिअर थंड करून? यीस्ट जोमात असताना टाकले तर हॉप्सबरोबर आत गेलेला ऑक्सिजन यीस्ट संपवते. हॉप्समधल्या जिरॅनिऑल या सुवासिक द्रव्याचे सिट्रोनेलॉल करून यीस्ट वासही बदलते. पण वर येणारा वायू थोडा सुवास सोबत घेऊन जातो. याउलट यीस्ट खाली बसवून, 14 अंशांच्या आसपास, दोन-तीन दिवस हॉप्स ठेवले की ताजा वास जास्त मिळतो. पेलेटमधला, म्हणजे हॉप्स दाबून केलेल्या गोळ्यांमधला, बहुतेक वास पहिल्या एक-दोन दिवसांतच उतरतो. आठवडाभर ठेवल्यास ओल्या गवतासारखी चव चढते.

गोव्यातले बरेच जण थंड पद्धतीकडे झुकतात, कारण पहिल्या घोटाला ती भाव खाऊन जाते. तिचा धोका मात्र हॉप्सच्या आतच आहे. हॉप्समध्ये थोडी एन्झाइम्स असतात आणि यीस्टला न पचलेल्या डेक्स्ट्रिन या पिष्टाच्या तुकड्यांची ती हळूहळू साखर करतात. इंग्लंडमध्ये हे 1893 मध्येच छापून आले होते, पण ड्राय हॉपिंगची मात्रा वाढली तेव्हाच जग त्याकडे पुन्हा वळले. थंडीत हे काम मंदावते, थांबत नाही. समजा, साखर संपते तशी उतरणारी घनता 1.012 वर स्थिर झाली म्हणून बिअर बाटलीत भरली. उरलेले यीस्ट मे महिन्यात, फ्रीजबाहेरच्या खोक्यात, जागे झाले आणि घनता 1.008 वर आली. म्हणजे अल्कोहोल अर्धा टक्का वाढले आणि लिटरमागे जवळपास 4 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड नव्याने तयार झाला. बाटलीत आधीच लिटरमागे 5 ग्रॅम होता. उघडताच फेस टेबलभर होतो, कधी बाटलीच फुटते. शिवाय यीस्ट अर्धवट काम करते तेव्हा डायअसिटिल मागे उरते आणि बिअरला लोण्याचा वास येतो.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. जी बिअर ब्रुअरीतल्याच नळावरून, थंडच राहून विकली जाणार, तिला थंड ड्राय हॉपिंग शोभते. जी पाश्चराइज न करता म्हापसा-काणकोणच्या दुकानांत जाणार, तिला यीस्ट जिवंत असताना, 18 अंशांच्या वरच हॉप्स द्यावेत आणि जे काही घडायचे ते टाकीतच घडू द्यावे. थोडा वास जातो, तो जाऊ द्यावा. हॉप्स टाकल्यानंतर घनता रोज मोजावी आणि सलग तीन दिवस हलली नाही तरच पुढे जावे. त्याआधी एक नमुना झाकून, 60 अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवावा, गार करावा आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी हुंगावा. तापवलेल्याला लोण्याचा वास आला, तर टाकी आणखी दोन दिवस उबदारच ठेवावी आणि चाचणी पुन्हा करावी.