संभाव्यतेतील क्रमचय आणि समचय

वस्तू क्रमाने मांडण्याच्या प्रकारांना क्रमचय म्हणतात, तर क्रम न पाहता नुसत्या निवडण्याच्या प्रकारांना समचय. संभाव्यतेच्या गणितात अनुकूल प्रकारांना एकूण प्रकारांनी भागायचे असते आणि हे प्रकार दोन्ही रीतींनी मोजता येतात. क्रम लागतो की नाही हे ओळखण्यासाठी निवडलेल्या दोघांची अदलाबदल करून पाहावी. निकाल वेगळा ठरला, तर क्रम महत्त्वाचा. समितीत सदस्यांची अदलाबदल केली तरी समिती तीच राहते, पण अध्यक्ष आणि सचिव यांची केली तर बदलते.

५२ पत्त्यांच्या कॅटमधून दोन पत्ते ओढले. दोन्ही एक्के निघण्याची संभाव्यता समचयाने ६/१३२६ येते आणि क्रम धरून १२/२६५२; दोन्हींचे उत्तर १/२२१ च. प्रत्येक जोडी क्रमाने दोनदा मोजली जाते, म्हणून वरखाली सारखीच दुप्पट होते. चूक होते ती वर समचय आणि खाली क्रमचय घेतल्यावर: ६/२६५२ म्हणजे नेमके निम्मे उत्तर. ‘पहिला एक्का, दुसरा राजा’ असे विचारले असेल, तर मात्र क्रम प्रश्नातच आहे. त्याचे उत्तर १६/२६५२. ‘एक एक्का, एक राजा’ एवढेच म्हटले, तर ते याच्या दुप्पट.

क्रम न सांगता घुसतो, तेव्हा तो ओळखणे अवघड जाते. ६ स्त्रिया आणि ४ पुरुष यांतून चिठ्ठ्या टाकून तिघांची समिती निवडायची आहे. निदान एक स्त्री असण्याची संभाव्यता किती? विद्यार्थी हमखास असे करतात: आधी एक स्त्री ६ प्रकारे निवडू, मग उरलेल्या ९ जणांतून कोणतेही दोघे ३६ प्रकारे, एकूण २१६. पण समित्याच मुळी ¹⁰C₃ = १२० आहेत! संभाव्यता १.८ येते, म्हणून इथे चूक लगेच पकडली जाते. आकडे जरा वेगळे असते, तर ती खपूनही गेली असती. ‘आधी’ या शब्दाने एक स्त्री पहिली ठरली. त्यामुळे तिन्ही स्त्रियांची समिती तीनदा मोजली गेली आणि दोन स्त्रियांची दोनदा. सरळ वाट उलटीकडून आहे: एकही स्त्री नसलेल्या समित्या ४, म्हणून उत्तर ११६/१२०, म्हणजे २९/३०.

समचयाने मोजायला एक अट आहे: प्रत्येक निवड समसंभाव्य हवी. पत्ता परत न ठेवता ओढला की ती पाळली जाते. फाशांत पाळली जात नाही. तीन फाशांची बेरीज ९ आणि १० या दोन्ही क्रम सोडून सहा-सहा प्रकारेच येतात, तरी जुगाऱ्यांना १० जास्त वेळा पडताना दिसत होते. गॅलिलिओने क्रम धरून मोजले. ३, ३, ३ हा प्रकार एकदाच येतो, तर १, २, ६ सहा क्रमांनी येतो. त्यामुळे २१६ पैकी ९ ला २५ प्रकार मिळतात आणि १० ला २७.