ढिगाचा विरोधाभास आणि सत्याच्या मात्रा

दहा हजार दाण्यांचा ढीग हा ढीगच असतो, हे कोणीही मान्य करील. ढिगातून एक दाणा उचलल्याने तो ढीग राहत नाही असे होत नाही, हेही तितकेच मान्य होण्यासारखे आहे. मात्र ही दोन विधाने स्वीकारून एकेक दाणा उचलत गेल्यास उरलेल्या एका दाण्यालाही ढीग म्हणणे भाग पडते. हा युक्तिवाद इसवी सनपूर्व चौथ्या शतकातील मिलेटसच्या युब्युलिडीझच्या नावावर आहे. किती केस गेल्यावर माणूस टकला होतो, हा त्याच साच्यातील प्रश्नही त्याच्याच नावे सांगितला जातो. त्याला यातून नेमके काय सिद्ध करायचे होते, याविषयी त्याचे स्वतःचे लेखन उपलब्ध नाही.

प्रश्नाला तात्त्विक धार आली ती स्टोइक या ग्रीक तत्त्वज्ञ संप्रदायाच्या काळात. प्रत्येक विधान सत्य किंवा असत्य असलेच पाहिजे, यावर त्यांच्यातील क्रिसिपस ठाम होता, त्यामुळे कोठेतरी एक दाणा निर्णायक ठरतो हे त्याला नाकारता येत नव्हते. त्याचा सल्ला असा की प्रश्नांची मालिका चालू असताना, उत्तर अवघड होण्याच्या थोडे आधीच गप्प व्हावे. त्यावर संशयवादी तत्त्वज्ञ कार्निआडीझने मारलेला टोला रोमन लेखक सिसेरोने नोंदवून ठेवला आहे: गप्पच काय, खुशाल घोरत पडा, पण तुम्हाला उठवून तोच प्रश्न पुन्हा विचारणारा कोणीतरी येईलच. टोला बोचरा असला तरी क्रिसिपसची मूळ भूमिका त्याने खोटी ठरत नाही. सीमा नेमकी आहे, ती कोठे आहे हे मात्र आपल्याला कळू शकत नाही, असा पक्ष टिमथी विल्यमसन यांनी १९९४ मध्ये सविस्तर मांडला आणि तो आजही गांभीर्याने घेतला जातो.

सत्याला मात्रा असतात, म्हणजे विधान कमी-अधिक प्रमाणात सत्य असू शकते, ही कल्पना याच्या नेमकी उलट दिशेने जाते, आणि ती आली वेगळ्याच वाटेने. पोलंडमधील यान लुकासिएविच यांनी १९२० मध्ये सत्य आणि असत्य यांच्यामध्ये तिसरे मूल्य ठेवले ते भविष्यकाळाविषयीच्या विधानांसाठी, ढिगासाठी नव्हे. पुढे त्यांनी ० ते १ यांमधील अनंत मूल्यांची रचना केली. १९६५ मध्ये लोत्फी झादे यांनी ‘फझी’ संच मांडले, ज्यांत एखादी वस्तू संचात अंशतः असू शकते. त्यानंतर चारच वर्षांनी जोसेफ गोगेन यांनी हे साधन थेट धूसर संकल्पनांच्या तर्काला लावले.

लुकासिएविच यांच्या नियमाने ढिगाचा हिशेब करून पाहता येतो. सोयीसाठी असे धरू की दहा हजार दाण्यांबाबत ‘हा ढीग आहे’ या विधानाचे मूल्य १ आहे, पाच हजारांबाबत ०.५, आणि एका दाण्याबाबत ०.०००१. जर-तर विधानात ‘तर’चा भाग ‘जर’च्या भागापेक्षा जितका कमी सत्य असेल, तितकेच ते विधान १ पासून खाली येते. म्हणून ‘इतके दाणे ढीग असतील तर एक कमी केल्यावरही ढीग असेल’ या प्रत्येक विधानाचे मूल्य ०.९९९९ येते. ते जवळजवळ पूर्ण सत्य असल्यामुळेच आपण ते बिनदिक्कत मान्य करतो. पण प्रत्येक पायरीवर निष्कर्षाची हमी ०.०००१ ने घटते आणि ९,९९९ पायऱ्यांनंतर ०.०००१ एवढीच उरते. युक्तिवाद का पटतो आणि तरी का फसतो, या दोन्हींचा उलगडा एकाच हिशेबातून होतो, आणि माझ्या मते या सिद्धान्ताचे खरे बळ तेच आहे.

अडचणी त्यापुढच्या आहेत. पाच हजार दाण्यांना ०.५ का, ०.४९ का नाही, याला आधार सापडत नाही. शिवाय पूर्ण १ असलेले मूल्य कोणत्या दाण्याला प्रथम ढळते, हा प्रश्न काढला की टाळलेली तीक्ष्ण सीमा मागच्या दाराने परत येते. त्याहून गंभीर आक्षेप संयुक्त विधानांवरचा आहे, आणि किट फाइन यांनी तो १९७५ मध्ये घेतला. लाल आणि नारिंगी यांच्या सीमेवरचा एक रंग घ्या. ‘हा लाल आहे’ आणि ‘हा नारिंगी आहे’ या दोहोंचे मूल्य ०.५ मानू. ‘आणि’ने जोडलेल्या विधानाला घटकांपैकी लहान मूल्य देण्याच्या रूढ नियमाने ‘हा लाल आणि नारिंगी आहे’ हेही ०.५ सत्य ठरते, वस्तुतः तो एकाच वेळी दोन्ही असल्याचे विधान सरळ असत्य मानायला हवे. ‘हा लाल आहे आणि लाल नाही’ या उघड व्याघातालाही तेच मूल्य मिळते.

डॉरोथी एजिंग्टन यांनी १९९० च्या दशकात यावर तोड सुचवली, ती मात्रा न सोडता. मात्रांनी संभाव्यतेच्या नियमांप्रमाणे वागावे, असे त्यांचे म्हणणे. तसे मानल्यास वरील दोन्ही संयुक्त विधानांना ० मिळते, आणि लांबच लांब युक्तिवादात थोडी थोडी घट साचत जाते हे स्पष्टीकरणही शाबूत राहते. मात्र केवळ घटकांची मूल्ये पाहून संयुक्त विधानाचे मूल्य काढता येण्याची सोय, जी लुकासिएविच यांच्या रचनेचा पाया होती, ती येथे सोडून द्यावी लागते.