तुर्भ्याच्या गोदामात एकाच खोक्यावर तीन खुणा का?

तुर्भे एमआयडीसीतल्या गोदामात आलेल्या खोक्यावर बारकोड, क्यूआर आणि रेडिओ लहरींनी वाचला जाणारा आरएफआयडी टॅग एकत्र दिसतात. आधीच्या पद्धतीत काहीतरी अडलं म्हणून पुढची आली, पण आधीची गेली नाही.

बारकोडचं पेटंट अमेरिकेत वुडलँड आणि सिल्व्हर यांना 1952 मध्ये मिळालं. दुकानात तो पहिल्यांदा वाचला गेला 26 जून 1974 ला, ओहायोतल्या ट्रॉय गावात, च्युइंगमच्या पाकिटावर. छपाईचा खर्च काही पैसे. शेवटचा तपासणी अंक बाकीच्या अंकांवरून काढलेला असल्यामुळे एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर स्कॅनर तो नाकारतो. म्हणजे बारकोड सहसा चुकीचा वाचला जात नाही; बिघडला तर वाचलाच जात नाही. साध्या थर्मल कागदावरची छपाई उन्हाने उडते, म्हणून गोदामात टिकवायचं लेबल शाईच्या रिबनने छापावं.

बारकोडची खरी अडचण जागेची होती. मोटारींच्या सुट्या भागांच्या एकेका खोक्यावर बरेच बारकोड लावावे लागत. ते टाळण्यासाठी डेन्सो या जपानी कंपनीतल्या मासाहिरो हारा यांच्या गटाने 1994 मध्ये क्यूआर काढला. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांतल्या खुणांमुळे तो कोणत्याही बाजूने वाचता येतो. खराब भाग भरून काढणारी दुरुस्ती पातळी सर्वांत वरची ठेवली तर साधारण 30 टक्के भाग खराब झाला तरी चालतं. मात्र तेवढाच मजकूर असला तरी कोड दाट होतो. खर्च बारकोडइतकाच. पण दोन्हींना कोड समोर दिसावा लागतो, आणि सामान्य हातस्कॅनर जवळूनच वाचतो.

ही 'दिसण्याची' अट आरएफआयडीने काढली. बॅटरी नसलेला यूएचएफ टॅग रीडरच्या लहरींवरच जागा होतो आणि मोकळ्या जागेत काही मीटरवरून उत्तर देतो. आपल्याकडे यासाठी 865 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आहे, फास्टॅगही यातलाच. टॅगला काही रुपये पडतात, पण खरा पैसा माल चढवण्या-उतरवण्याच्या डॉकच्या दारावरचा रीडर आणि अँटेना यांत जातो.

आता हिशेब पाहा. पॅलेटवर तेलाच्या डब्यांची 40 खोकी आहेत. एका खोक्याला 3 सेकंद धरले तर बारकोडला 2 मिनिटं लागतात, शिवाय आतली खोकी बाहेर काढावी लागतात. आरएफआयडी दारातून जाताना काही सेकंदांत वाचून संपतं, पण आकडा येतो 37. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषतं. पॅलेट फिरवून पुन्हा नेली आणि वेगळेच तीन गळाले, तर दोष रचनेचा किंवा अँटेनाच्या दिशेचा. तेच तीन गळाले तर टॅग पत्र्याला चिकटले असावेत किंवा बिघडले असावेत. पत्र्यासाठीचे जाड टॅग वापरा किंवा मध्ये फोमची चकती ठेवा. आकडा 43 आला तर शेजारच्या दारातला माल वाचला गेलाय; रीडरची ताकद कमी करावी.

म्हणूनच टॅगच्या लेबलवर तोच क्रमांक बारकोडमध्येही छापतात. गळालेली तीन खोकी शेवटी हातस्कॅनरनेच मोजली जातात.