मेंदीतलं नाव: बोरूच्या अक्षरापासून कोनाच्या रेघेपर्यंत

नवरीच्या मेंदीत नवऱ्याचं नाव लपवायचं आणि ते त्याने शोधून काढायचं, ही रीत आज महाराष्ट्रातल्या लग्नांत इतकी रुळली आहे की ती पूर्वापार आपलीच वाटते. पण आपल्याकडे लग्नाआधीचा मोठा सोहळा हळदीचा. मेंदी लागायची ती नागपंचमीच्या आदल्या दिवशी किंवा लग्नघरी हळदीच्या गडबडीत, आणि तिच्यात अक्षर नसायचं. तळहाताच्या मधोमध एक मोठा गोल, भोवती ठिपके, बोटांच्या टोकांना मेंदीच्या टोप्या, झालं. मेंदीचा स्वतंत्र कार्यक्रम, कोपरापर्यंतची नक्षी आणि तिच्यात दडवलेलं नाव हे उत्तरेकडून आलं, आणि १९९०च्या दशकातल्या हिंदी सिनेमांनी ते घरोघरी पोचवलं. नाव दडवणं मात्र आपल्याला परकं वाटलं नाही. नवऱ्याचं नाव सरळ न उच्चारता दोन ओळींच्या उखाण्यात गुंफून घ्यायचं, हे इथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या. उखाण्यातलं नाव ओठांवरून हातावर उतरलं, इतकाच काय तो फरक.

पण पूर्वीच्या त्या गोलात नाव का नव्हतं? मला वाटतं, रीत नव्हती यापेक्षा लगदा तसा नव्हता, हे कारण मोठं आहे. झाडाचा ओला पाला पाट्यावर वाटायचा, त्यात कात, लिंबू, कुणी चहाचं पाणी घालायचं. कितीही वाटलं तरी त्यात शिरा आणि देठांचे तंतू राहायचेच. असा लगदा बोटाने थापता येतो, काडीने ठिपके देता येतात. त्याची बारीक सलग रेघ ओढायला गेलं की ती तुटते. अक्षर म्हणजे सलग रेघ. ती हातावर यायला तीन गोष्टी जुळाव्या लागल्या. वाळलेला पाला दळून बारीक कापडातून गाळलेली पूड, जशी राजस्थानातल्या सोजतहून देशभर जाते. त्या पुडीत मिसळलेली साखर, जिच्यामुळे भिजवलेल्या मेंदीला तार सुटते. आणि पातळ प्लास्टिकच्या कागदाचा, टोकाला टाचणी खोचलेला कोन. टाचणी काढली की तिच्याएवढंच भोक, आणि त्यातून दोऱ्यासारखी मेंदी.

खरी अडचण इथून सुरू होते, कारण आपलं अक्षर या भोकासाठी घडलेलंच नाही. बाळबोध, म्हणजे देवनागरी, घडली ती बोरूने. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे उभा दंड आणि शिरोरेषा भरदार येतात, वळणं एका दिशेने जाड होतात आणि दुसऱ्या तिरप्या दिशेने केसासारखी बारीक. ही बारीक रेघ नुसती शोभेची नाही. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ बघा, किंवा ‘ष’च्या पोटातली. बोरू त्या दिशेला अगदी बारीक चालतो, म्हणून एवढ्याशा पोटात ती रेघ मावते आणि दोन्ही बाजूंना पांढरी जागा उरते. कोनाच्या टोकाला धार नाही, गोल भोक आहे. कुठल्याही दिशेला न्या, रेघ तेवढीच जाड. ‘ब’च्या पोटात ती घातली की पोट बुजतं, आणि बंडूचा कधी वंडू होतो तर कधी नुसता डाग.

त्यात मेंदी जिथे ठेवली तिथेच थांबत नाही. हात ओला असला, घाम आला किंवा सुकलेल्या मेंदीवर लिंबू-साखरेचं पाणी सढळ लावलं की रंग रेघेच्या कडेबाहेर जरासा सरकतो. ओल्या मेंदीत सुबक दिसणारं अक्षर खरवडल्यावर जाड निघतं ते यामुळे. मी स्वतः एक माप धरते: अक्षराच्या पोटातली मोकळी जागा रेघेच्या जाडीच्या दुप्पट तरी हवी. यात बसवायचं तर ‘ब’, ‘भ’, ‘ष’, ‘क्ष’ असलेलं नाव बाकीच्या नक्षीपेक्षा मोठं काढावं लागतं, आणि मग ते लपत नाही. नाव लपवणं आणि नाव वाचता येणं यांची ओढाताण सगळी या मोकळ्या जागेत चाललेली असते.

मराठी वळणाचा ‘ल’ हे आणखी एक उदाहरण. २००९ साली राज्य शासनाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ही रूपं ठरवून दिली. मेंदीच्या नमुन्यांच्या पुस्तकांत मात्र बहुतेक हिंदी वळणाचा ‘ल’ असतो, आणि मुली तोच गिरवून शिकतात. मला पाकळीचा ‘ल’ हातावर जास्त आवडतो. त्याच्या दोन पाकळ्या वेलीच्या पानांत सहज मिसळतात आणि रेघ न तोडता काढता येतात. फक्त पाकळ्या मिटू द्यायच्या नाहीत, खालून किंचित उघड्या ठेवायच्या.

रेघ न तोडणं हे कोनाचं दुसरं मागणं. कोन उचलून पुन्हा टेकवला की तिथे मेंदीचा थेंब साठतो, आणि उचलताना शेपूट राहतं. जेवढ्या वेळा हात उचलाल तेवढ्या गाठी. ही अडचण आपल्या लिपीच्या इतिहासात एकदा येऊन गेली आहे. भराभर लिहिणाऱ्या कारकुनांना बाळबोध अक्षर परवडत नव्हतं, त्यात लेखणी फार वेळा उचलावी लागते. त्यांनी मोडी चालवली. मोडीत शिरोरेषा आधी पानभर ओढून ठेवायची आणि तिच्याखाली अक्षरं शक्यतो हात न उचलता एकात एक गुंतवत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही फारसा पाळायचा नाही. मेंदीत नाव लिहिताना नकळत हेच होतं. आधी वेलीचा दांडा काढायचा, तीच शिरोरेषा. मग त्याला अक्षरं लोंबती सोडायची. मोडी शाळांतून गेली ती विसाव्या शतकाच्या मध्याला, त्यामुळे कोन धरणाऱ्या मुलींपैकी क्वचितच कुणी ती वाचू शकते. तरी हाताला तोच मार्ग सापडतो.

नाव अंगावर लिहिण्याची आपली त्याहून जुनी सवय गोंदणाची. माझ्या आजीच्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, तिचं नाव गोंदलेलं होतं. सुईच्या टोचण्यांनी झालेलं ते अक्षर ऐसपैस, सुटं आणि सरळ होतं, आणि ती म्हातारी होऊन कातडी सैल पडली तेव्हाही वाचता यायचं. गोंदणारीने जागा नेमकी निवडली होती. तिथे ना घडी आहे, ना हाड वर आलेलं.

मेंदीला ती जागा तेवढी मानवत नाही, कारण मेंदीचा रंग कातडीच्या वरच्या मेलेल्या थरात बसतो. तो थर तळहातावर जाड, म्हणून तिथे रंग गडद. मनगटाच्या आतल्या बाजूला तो पातळ, तिथे तेच नाव फिकं नारिंगी राहतं. म्हणजे नाव हवं तळहातावर, आणि तळहात तर रेषांनी, उंचवट्यांनी भरलेला. रेषेवर आलेली मेंदी हात मिटला की तडकते आणि गळून पडते, तिथे अक्षर तुटतं. दंड रेषेला आडवा गेला तर ‘प’चं पोट एकीकडे आणि दंडाचा तुकडा दुसरीकडे. म्हणून मी करंगळीखालचा, हृदयरेषा आणि मनगट यांच्यामधला मांसल भाग घेते. तिथे साधारण तीन सेंटीमीटरची ओळ बसते. हात ताणून धरायला सांगायचं नाही. ताणलेल्या कातडीवर काढलेलं अक्षर हात सैल सोडला की आक्रसतं. अर्धवट मिटलेला, मांडीवर विसावलेला हात घ्यायचा. आणि तो भाग गोलसर असल्यामुळे सरळ काढलेली शिरोरेषा बाजूने बघताना खाली वाकलेली दिसते, तेव्हा ती मधे किंचित वर उचलून काढायची.

आणखी एक गोष्ट बघणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मेंदी काढणारी नवरीच्या समोर बसते, नवरीची बोटं तिच्याकडे असतात. नाव नवरीला सुलटं दिसायचं तर ते उलटं लिहावं लागतं. म्हणजे शिरोरेषा खाली, आणि अक्षरं तिच्यावर उभी. सरावाने जमतं, पण वेलांटी आणि रफार कुठल्या बाजूला वळतात इथे हात हमखास फसतो.

‘सिद्धार्थ’ घ्या. एका लग्नात हे नाव लिहिताना माझी चूक झाली होती, म्हणून ते पक्कं लक्षात आहे. पहिला प्रश्न ‘द्ध’. जोडाक्षर एकाखाली एक काढलं तर आठ मिलिमीटर उंचीत दोन पोटं येतात आणि दोन्ही बुजतात. म्हणून ‘द्’चा पाय मोडून ‘ध’ शेजारी काढला, पाय मोडल्याची तिरकी रेघ एका पानात घेतली. ‘सि’ची वेलांटी वेलीच्या कमानीत गेली. इथपर्यंत ठीक. पण वेलीचा दांडा मी सलग ओढला होता, आणि देवनागरीत ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांच्या डोक्यावर शिरोरेषा सलग नसते. ती जोडली की ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’, आणि लहान अक्षरात ‘थ’चा ‘य’. नवरीच्या मावसबहिणीने पाहिलं आणि वाचलं, “सिद्घार्य?” ओली मेंदी मी लगेच टूथपिकने उचलली, ओल्या कापसाने पुसली. तेव्हा हात स्वच्छ दिसला. पण मेंदीने तेवढ्यात कातडी धरली होती. पहिल्या दिवशी जेमतेम दिसणारा तो डाग दुसऱ्या दिवशी रंग चढल्यावर शेजारच्या अक्षरांबरोबर गडद झाला, आणि पुसलेला दांडा ‘ध’च्या डोक्यावर पुन्हा उभा राहिला.

तेव्हापासून मी वेल सलग काढत नाही. आधी नाव, ‘ध’ आणि ‘थ’च्या डोक्यावर जागा सोडून. मग हात फिरवून सुलटा करायचा आणि नाव न सांगता शेजारच्या कुणाला तरी वाचायला लावायचं. तिने बरोबर वाचलं की दोन्ही बाजूंनी वेल आणून त्या फटीपाशी थांबवायची, आणि फटीत काही भरायचंच झालं तर एक ठिपका, रेघ नाही. रफार सगळ्यात शेवटी काढायचा, बाकीच्या पानांपेक्षा थोडा जाड. पान समजून डोळ्याने तो वगळला की ‘सिद्धाथ’ उरतो.