'कम'चं 'केम' होतं तेव्हा

परभणीकडची जिल्हा परिषदेची शाळा असो की लातूरची खासगी, पाचवीच्या वर्गातली चार रेघांची वही उघडली की कर्सिव्हमधली एक चूक हमखास सापडते. मुलानं 'कम' लिहिलेलं असतं आणि वाचणाऱ्याला 'केम' दिसतं. स्पेलिंग विचारा, सी-ओ-एम-ई असं तो धडाधड सांगतो. मग बाई त्याला तो शब्द दहा वेळा लिहायला लावतात आणि दहाही वेळा 'केम'च उमटतं.

लहान ए आणि ओ सुरुवातीला सारखेच. दोन्ही डावीकडून गोल फिरत वर येऊन मिटतात. तिथून ए खाली उतरतो आणि तिसऱ्या रेघेवरून पुढच्या अक्षराकडे वळतो. ओ मात्र वरच, दुसऱ्या रेघेपाशी, छोटी गाठ घेऊन जवळजवळ आडवा निघतो. ही जोडरेघ तिसऱ्या रेघेपर्यंत घसरली की ओचा ए झालाच. व्ही, डब्ल्यू आणि बी यांची रेघही अशीच वरून निघते.

ती घसरते कशानं? बहुतेक कित्त्यांत एम सुटा गिरवताना आधी तिसऱ्या रेघेवरून तिरकी शेपटी वर न्यायची असते. पानंच्या पानं असं गिरवलं की शेपटी आणि अक्षर मिळून हाताला एकच हालचाल बसते. ओनंतर एम आला की हात मुकाट्यानं खाली जातो आणि तिथून शेपटी काढतो. खरं तर इथं शेपटी गाळून ओची आडवी रेघच थेट एमच्या पहिल्या उभ्या दांडीत उतरायला हवी.

म्हणून कित्ता निवडताना मी अक्षराची नजाकत नंतर पाहते. वरून जुळणाऱ्या जोड्या त्यात वेगळ्या दाखवल्या आहेत का, हे आधी. आणि शाळेत कित्ता एकच हवा, नाहीतर चौथीतला आर पाचवीत बदलतो.

सरावाला आधी ए-एम घ्यावा, मग ओ-एम, मग एकाच ओळीत आलटूनपालटून दोन्ही. फरक हाताला कळला की 'केम' आणि 'कम' शेजारी शेजारी. आयचा टिंब आणि टीची आडवी रेघ शब्द संपल्यावर द्यायची असते. आपली मुलं शब्द लिहून झाल्यावर शिरोरेघ ओढतात, त्यामुळे हे त्यांना लवकर जमतं.

व्ही-ई शेवटी ठेवावी, ती सगळ्यांत अवघड. ईचा फास एरवी खालून वर चढत होतो. व्हीची रेघ वरून येते, म्हणून ती आधी थोडी खाली झुकवून मग फासात न्यावी लागते. झुकवली नाही तर फास मिटतो आणि ई बिनटिंबाच्या आयसारखा दिसतो.

तपासताना वहीपेक्षा पेन्सिलीच्या टोकावर लक्ष ठेवावं: ओ मिटल्यावर ते कुठल्या रेघेकडे जातं? शिवाय वाक्य न दाखवता नुसता तो शब्द बाकावरच्या जोडीदाराला वाचायला द्यावा. वाक्यात असला की अंदाजानं 'कम' वाचलं जातं आणि चूक लपते.