पासपोर्टचा रंग आणि त्यावरची छोटी सोनेरी खूण

भारताचे सगळे पासपोर्ट नाशिकरोडच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात छापले जातात, त्यामुळे आम्हा नाशिककरांना या निळ्या पुस्तिकेविषयी थोडी अधिक आपुलकी असते. गेल्या महिन्यात माझ्या पुतणीचा नवा पासपोर्ट घरी आला आणि तो तिच्या वडिलांच्या २०१९ सालच्या पासपोर्टशेजारी टेबलावर ठेवला गेला. रंग तोच, राजमुद्रा तीच, अक्षरेही तीच. मात्र नव्या पासपोर्टवर खाली एक नखाएवढी सोनेरी आकृती होती, जी जुन्यावर नव्हती. त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक संदेश फिरत आला. त्यात तीन विधाने होती: पासपोर्टचा रंग देशाचा दर्जा सांगतो, या सोनेरी खुणेमागच्या चिपमुळे माणसाचा ठावठिकाणा सरकारला सतत कळत राहतो, आणि चिप नसलेले जुने पासपोर्ट आता रद्द झाले आहेत. तिन्ही विधाने चुकीची आहेत. तिसऱ्याचे उत्तर एका वाक्यात देता येते: चिप नसलेला भारतीय पासपोर्ट त्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत पूर्णपणे वैध राहतो. बाकीच्या दोन विधानांना मात्र थोडी जागा द्यावी लागेल.

पासपोर्ट कसा असावा हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, आपल्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात ठरवते. पुस्तिका १२५ मिलिमीटर बाय ८८ मिलिमीटर असावी, माहितीच्या पानावर तळाशी यंत्राला वाचता येतील अशा दोन ओळी असाव्यात, असे बारीकसारीक नियम त्यात आहेत. पण मुखपृष्ठाच्या रंगाविषयी कोणतेही बंधन नाही. व्यवहारात लाल, हिरवा, निळा आणि काळा या चार रंगांच्या छटाच बहुतेक ठिकाणी दिसतात, आणि शेजारी देशांनी आपापसांत ठरवल्यामुळे त्यांतून काही प्रादेशिक संकेत तयार झाले आहेत. युरोपीय समुदायाच्या सदस्यदेशांनी १९८१ च्या ठरावाने गडद तांबडा रंग स्वीकारला. पश्चिम आफ्रिकेच्या आर्थिक समुदायातील देशांत हिरवा रंग रूढ झाला. पाकिस्तान, सौदी अरेबिया, मोरोक्को यांचे पासपोर्ट हिरवे आहेत, म्हणून हिरवा रंग इस्लामशी जोडला जातो. परंतु मेक्सिको आणि तैवान यांचेही पासपोर्ट हिरवे आहेत.

या संकेतांवर फार विसंबता येत नाही, हे युरोपातच दिसते. क्रोएशिया २०१३ मध्ये युरोपीय संघात आला, पण त्याने आपला गडद निळा रंग सोडला नाही. तुर्कस्तान संघाचा सदस्य नसूनही त्याने २०१० मध्ये तांबडा रंग घेतला. ब्रिटनने संघ सोडल्यावर २०२० मध्ये पुन्हा निळा रंग आणला. जपानमध्ये तर एकाच देशाचे सर्वसाधारण पासपोर्ट दोन रंगांचे असतात: दहा वर्षांच्या मुदतीचा लाल आणि पाच वर्षांचा निळा. आपल्याकडे सामान्य नागरिकाचा पासपोर्ट गडद निळा, सरकारी कामासाठीचा पांढरा आणि राजनैतिक अधिकाऱ्यांचा तांबडा असतो. म्हणजे भारतात रंग प्रदेश सांगत नाही, धारकाचा वर्ग सांगतो. ज्यांना काही देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी परवानगी घ्यावी लागते, अशांना नारिंगी पासपोर्ट देण्याची घोषणा जानेवारी २०१८ मध्ये झाली होती आणि टीका झाल्यावर त्याच महिन्यात ती मागे घेतली गेली. ती मागे घेतली हे योग्यच झाले असे मला वाटते, कारण कमी शिकलेल्या कामगाराची ओळख परक्या विमानतळावर दुरूनच पटावी, याचा त्याला काहीही उपयोग नव्हता.

सोनेरी खुणेचे मात्र तसे नाही. आडवा आयत, मधोमध वर्तुळ आणि वर्तुळाच्या दोन्ही बाजूंना जाणारी आडवी पट्टी अशी ही आकृती कोणत्याही देशाला शोभेसाठी छापता येत नाही. पासपोर्टात स्पर्शाविना वाचता येणारी चिप असेल, तिच्यात ओळींमधली माहिती आणि धारकाचा चेहरा ठरलेल्या रचनेत साठवलेला असेल आणि त्या माहितीवर देशाची डिजिटल सही असेल, तरच ही खूण वापरावी असा नियम आहे. त्यामुळे ती प्रदेशाविषयी काही सांगत नसली तरी पिढीविषयी सांगते. पहिली पिढी हाताने लिहिलेल्या पासपोर्टांची, ज्यांना २४ नोव्हेंबर २०१५ नंतर आंतरराष्ट्रीय मान्यता उरली नाही. दुसरी यंत्राला वाचता येणाऱ्या दोन ओळींची. आणि तिसरी चिपची. मलेशियाने १९९८ मध्येच पासपोर्टात चिप बसवली होती, पण तेव्हा हा समान नियम अस्तित्वात नव्हता. भारतात राजनैतिक आणि सरकारी पासपोर्टांत चिप २००८ पासून येऊ लागली आणि सामान्यांसाठी तिचा प्रायोगिक आरंभ एप्रिल २०२४ मध्ये झाला.

आता माग काढण्याच्या भीतीविषयी. या चिपमध्ये बॅटरी नसते. वाचक यंत्र १३.५६ मेगाहर्ट्‌झचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, पुस्तिकेत बसवलेल्या तारेच्या वेटोळ्यात त्यामुळे वीज उत्पन्न होते आणि तेवढ्यावरच चिप जागी होते. हे अंतर काही सेंटिमीटरचे असते. यंत्र दूर गेले की चिप निपचित पडते. तिला उपग्रहाशी बोलता येत नाही. २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याची जी अफवा पसरली होती, तिच्याच जातीची ही भीती आहे, आणि शिकलेली माणसेसुद्धा ती तपासून न पाहता पुढे पाठवतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

पण मग गर्दीत कोणी यंत्र खिशाजवळ आणून चिप वाचली तर? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर मला या साऱ्या रचनेतला सर्वांत सुंदर भाग वाटते. चिपच्या कुलपाची किल्ली पासपोर्टाच्या आतल्या पानावरच छापलेली असते. आयकाओने नमुन्यासाठी ‘युटोपिया’ नावाच्या कल्पित देशाचा पासपोर्ट तयार केला आहे, त्याच्या दोन ओळी अशा आहेत:

```
P<UTOERIKSSON<<ANNA<MARIA<<<<<<<<<<<<<<<<<<<
L898902C36UTO7408122F1204159ZE184226B<<<<<10
```

दुसऱ्या ओळीत आधी नऊ स्थानांचा पासपोर्ट क्रमांक आहे आणि लगेच ६ हा पडताळा अंक. देशाच्या तीन अक्षरांनंतर 740812 ही जन्मतारीख, म्हणजे १२ ऑगस्ट १९७४, आणि तिचा पडताळा अंक २. पुढे 120415 ही मुदत संपण्याची तारीख आणि तिचा पडताळा अंक ९. जन्मतारखेचा २ कसा आला ते करून पाहू. तारखेतील अंकांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचे. सात सत्ते एकोणपन्नास, चार त्रिक बारा, शून्य, आठ सत्ते छप्पन्न, एक त्रिक तीन आणि शेवटी दोन. बेरीज १२२ येते, तिचा शेवटचा अंक २. कॅमेऱ्याने चुकून ८ च्या जागी ३ वाचला असता तर बेरीज ८७ झाली असती, शेवटचा अंक ७ आला असता आणि चूक तत्काळ उघडी पडली असती.

किल्लीसाठी हेच तीन तुकडे त्यांच्या पडताळा अंकांसह एकापुढे एक जोडले जातात:

```
L898902C3674081221204159
```

या चोवीस चिन्हांवर हॅश नावाची गणिती कृती केली जाते. तिच्यातून ठरावीक लांबीचा एक ठसा निघतो, ज्यावरून मूळ चिन्हे थेट उलगडता येत नाहीत आणि ज्यात एक चिन्ह बदलले तरी ठसा पूर्णपणे पालटतो. त्याच ठशातून किल्ल्या तयार होतात. चिप दर वेळी नवी यादृच्छिक संख्या पाठवते; वाचक यंत्राने ती योग्य किल्लीने कुलूपबंद करून परत दिली तरच चिप माहिती सांगू लागते. धारकाचे नाव या किल्लीत घेतलेले नाही, यामागेही विचार आहे: नावाला स्वतंत्र पडताळा अंक नसतो, आणि एक अक्षर चुकीचे वाचले गेले तर खऱ्या पासपोर्टाचेही कुलूप उघडणार नाही.

हे घरी पाहता येते. एनएफसी असलेल्या फोनवर पासपोर्ट वाचणारे अ‍ॅप घेतले आणि पुतणीच्या पासपोर्टातील तिन्ही गोष्टी मी हाताने भरल्या. पहिल्या खेपेस मुदतीच्या वर्षात माझी एका अंकाची चूक झाली आणि चिपने दाद दिली नाही. अंक सुधारल्यावर फोन पुस्तिकेवर स्थिर ठेवला, आणि काही सेकंदांनी तिचे छायाचित्र पडद्यावर आले. पुस्तिका उघडून दाखवल्याशिवाय चिप बोलत नाही, याचा अर्थ तेव्हा डोळ्यांना दिसला.

या कुलपात एक उणीव आहे. किल्ली जन्मतारीख, मुदत आणि क्रमांक यांवरून बनते, आणि या गोष्टी अंदाजापलीकडच्या नसतात. शंभर वर्षांत सुमारे साडेछत्तीस हजार जन्मतारखा होतात. समोरच्याचे वय पाच वर्षे इकडेतिकडे धरून ओळखता आले तर त्या साडेतीन हजारांच्या आसपास उरतात. मुदतीच्या तारखाही दहा वर्षांत तेवढ्याच. क्रमांक ओळीने दिले गेले असतील तर मुदतीवरून त्यांचाही अदमास लागतो. यंत्र आणि चिप यांचे संभाषण कोणी जवळून टिपून ठेवले, तर संगणकावर निवांतपणे एकेक किल्ली लावून पाहता येते. म्हणून पेस नावाची नवी पद्धत आली. तिच्यात त्याच ओळींपासून सुरुवात होते, पण दोन्ही बाजू दर खेपेस नवे गुपित ठरवतात, त्यामुळे टिपलेले संभाषण नंतर उलगडता येत नाही. मुखपृष्ठावरची खूण मात्र दोन्ही पद्धतींसाठी एकच आहे. आत जुने कुलूप आहे की नवे, हे तिच्याकडे पाहून कळत नाही.

आणि खूण शेवटी सोनेरी छपाईच आहे, ती खोट्या पासपोर्टावरही उमटवता येईल. खरेपणा ठरतो तो सहीवरून. चिपमधील प्रत्येक माहितीगटाचा हॅश काढून त्या यादीवर पासपोर्ट देणारा देश आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. कोणी चिपमधले छायाचित्र बदलले तर त्याचा हॅश यादीशी जुळत नाही, आणि यादी बदलली तर सही जुळत नाही. ही सही तपासण्यासाठी समोरच्या देशाकडे आपल्या देशाचे प्रमाणपत्र असावे लागते, आणि त्यांच्या देवाणघेवाणीसाठी आयकाओने २००७ पासून एक सामाईक कोश चालवला आहे. ज्या तपासणी खिडकीपाशी ते प्रमाणपत्र पोहोचलेले नाही, तेथील यंत्राला चिपमधले छायाचित्र दिसते, पण ते कोणी भरले हे सांगता येत नाही. तेथील अधिकाऱ्याला पुतणीचा नवा पासपोर्टही तिच्या वडिलांच्या जुन्या पासपोर्टासारखाच, कागद, शाई आणि चेहरा पाहूनच तपासावा लागतो.